पावसाचा खंड मोजताना: एका बातमीदाराचे एक्सेल

माझे शिक्षण इतिहास विषयातील पदवीपर्यंतचे असून संगणकाशी माझा संबंध बातमी टंकलिखित करण्यापुरताच होता. बीड जिल्ह्यात एका दैनिकासाठी शेती आणि ग्रामीण प्रश्नांचे वार्तांकन मी करीत होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जे काम अंगावर आले, त्याने माझ्या नोकरीची दिशा बदलली. ते काम नेमके काय होते आणि त्यात कुठे कुठे अडायला झाले, हे तपशिलाने लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैच्या उत्तरार्धात आमच्याकडे बरा पाऊस झाला होता, त्यामुळे सोयाबीन हिरवेगार दिसत होते. पुढे आभाळ भरून यायचे, पण पाऊस पडत नव्हता. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असताना असा खंड पडला, की हलक्या जमिनीत फुले गळतात आणि शेंगा पोचट राहतात. त्याच हंगामात राज्यात एक रुपयात पीकविमा योजना सुरू झाली होती. हंगामाच्या मध्येच प्रतिकूल परिस्थिती उद्भवून अपेक्षित उत्पादन नेहमीच्या ५० टक्क्यांहून कमी येण्याची शक्यता असेल, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ देण्याची तरतूद विमा योजनेत होती. सोयाबीनसाठी विम्याचे एकक महसूल मंडळ, म्हणजे अनेक गावांचा एक गट, हे असल्याने गावोगावी एकच प्रश्न कानावर यायचा : ‘ताई, आमच्या मंडळात एकवीस दिवसांचा खंड भरला का?’ पावसात एकवीस दिवसांहून अधिक खंड पडलेली मंडळे या तरतुदीसाठी विचारात घेतली जातील, हे तोवर सर्वांना ठाऊक झाले होते.

माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्हाला रोज सकाळी पर्जन्यमानाचा तक्ता पीडीएफच्या स्वरूपात मिळायचा आणि आम्ही त्यातील शेवटची ओळ छापायचो : जिल्ह्यात आजवर इतका पाऊस, सरासरीच्या इतके टक्के. खंडाच्या प्रश्नाला ही टक्केवारी निरुपयोगी असते. एखाद्या मंडळात जुलैमध्ये दोन दिवसांत धो-धो पाऊस पडून गेला असेल, तर पुढील तीन आठवडे थेंबही न पडता त्या मंडळाची बेरीज फारशी वाईट दिसत नाही. पिकाला मात्र बेरजेशी देणेघेणे नसते, त्याला दोन पावसांमधील अंतर सोसावे लागते. ते अंतर कोणत्याही तक्त्यात तयार मिळत नव्हते, ते रोजच्या आकड्यांवरून काढावे लागणार होते.

आमच्या कार्यालयात जाहिरातींचा हिशेब पाहणारे एक ज्येष्ठ सहकारी होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्याकडे मी पहिल्या आठवड्याचे तक्ते घेऊन गेले, तेव्हा त्यांनी सूत्रांचे नावही न काढता तक्त्याची मांडणीच मोडायला लावली. मूळ तक्त्यात तालुक्याचे नाव अनेक ओळींवर पसरलेल्या एका जोडलेल्या चौकटीत होते, त्याखाली मंडळे, उजवीकडे आजचा पाऊस आणि एकूण पाऊस, तर प्रत्येक तालुक्याखाली बेरजेची ओळ होती. काका म्हणाले, ‘हा कागदावर वाचायचा तक्ता आहे. मोजायचा तक्ता वेगळा असतो. एका ओळीत एकच गोष्ट लिही : अमुक तारखेला अमुक मंडळात इतका पाऊस.’ त्यांच्या सांगण्यावरून मी तारीख, मंडळ आणि पाऊस असे तीन स्तंभ केले आणि बेरजेच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. एका मंडळाच्या १ जून ते ३१ ऑगस्ट या काळातील ९२ नोंदी आता एकाखाली एक आल्या. यादी कितीतरी लांब झाली आणि पाहायला कंटाळवाणी दिसू लागली, पण पुढील सगळे काम या मांडणीमुळेच शक्य झाले.

जुने आकडे मी कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावरून आणि साठवून ठेवलेल्या पीडीएफमधून गोळा केले. तारखेच्या बाबतीत एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी लागली. पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी धरतात, म्हणजे ११ तारखेच्या तक्त्यातील पाऊस बराचसा १० तारखेला पडलेला असतो. दोन ठिकाणांहून घेतलेल्या आकड्यांपैकी एकीकडे नोंदीची तारीख आणि दुसरीकडे पाऊस पडल्याची तारीख धरली, तर जोडणीच्या जागी एखादा दिवस दोनदा येतो किंवा गायब होतो. मी सर्वत्र नोंदीची तारीख ठेवली.

यानंतर आकड्यांची तपासणी सुरू झाली. वेळ सर्वाधिक इथेच गेला आणि शिकायलाही इथेच मिळाले. पीडीएफमधून उचललेल्या काही दिवसांचे आकडे देवनागरीत होते. माणसाला ‘१२.५’ आणि ‘12.5’ सारखेच दिसतात, पण आमच्या संगणकावरील एक्सेल पहिल्याला आकडा न मानता मजकूर मानत होते. काकांनी ओळखण्याची खूण सांगितली : चौकटीला कसलेही संरेखन दिलेले नसेल, तर आकडा उजवीकडे सरकून बसतो आणि मजकूर डावीकडे. हजारो ओळी डोळ्यांनी पाहणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी दोन छोटी सूत्रे दिली.

```
=COUNTA(C2:C5000)
=COUNT(C2:C5000)
```

पहिले सूत्र भरलेल्या सगळ्या चौकटी मोजते, तर दुसरे फक्त आकडे असलेल्या. दोन्हींची उत्तरे सारखी नसतील, तर जितका फरक तितक्या चौकटींत आकड्यासारखे दिसणारे, पण आकडा नसलेले काहीतरी दडले आहे असे समजावे. ० पासून ९ पर्यंत प्रत्येक देवनागरी अंक ‘फाइंड अँड रिप्लेस’ने बदलून घेतल्यावर फरक बराच कमी झाला, पण शून्य झाला नाही. जे उरले त्यात काही ठिकाणी आकड्यामागे रिकामी जागा चिकटलेली होती, तर काही ठिकाणी नुसती आडवी रेघ होती. या रेघेने पुढे मोठा घोळ घातला, त्याविषयी ओघात येईलच.

मंडळांच्या नावांचीही अशीच गत होती. ‘घाटनांदूर’ आणि ‘घाटनांदुर’ हे आपल्याला एकच गाव वाटते, पण एक्सेलला ती दोन गावे वाटतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या अशा फरकांसाठी पिव्होट टेबल, म्हणजे लांब यादीतील नोंदी नावागणिक मोजून देणारा एक्सेलचा तक्ता, उपयोगी पडले. ओळींत मंडळ आणि मोजणीत तारखांची संख्या असा पिव्होट केला, की प्रत्येक मंडळासमोर ९२ हा आकडा यायला हवा. जिथे ६१ आणि त्याच्याच खाली मिळत्याजुळत्या नावासमोर ३१ आले, तिथे ऑगस्टपासून नाव वेगळ्या पद्धतीने लिहिले गेले होते. ९३ आले तिथे एक दिवस दोनदा चिकटवला होता. काही मंडळे कितीही तपासली तरी ९० किंवा ९१ वरच थांबली, म्हणजे त्या दिवसांच्या ओळीच मूळ तक्त्यात नव्हत्या. त्या तारखांच्या ओळी मी घातल्या, पण पावसाची चौकट रिकामीच ठेवली.

आता खंड मोजण्याकडे वळते. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच तो पावसाचा दिवस धरतात. त्यामुळे २.५ हा उंबरठा मी G1 या चौकटीत वेगळा लिहून ठेवला. यादी आधी मंडळानुसार आणि मग तारखेनुसार लावली. A मध्ये तारीख, B मध्ये मंडळ, C मध्ये पाऊस आणि D मध्ये कोरड्या दिवसांची चढती मोजणी अशी रचना ठेवून D2 मध्ये हे सूत्र लिहिले आणि खालपर्यंत ओढले.

```
=IF(C2<$G$1,IF(B2=B1,D1,0)+1,0)
```

त्याचा अर्थ असा : आजचा पाऊस उंबरठ्याहून कमी असेल, तर कालच्या मोजणीत एक मिळव. वरची ओळ दुसऱ्या मंडळाची असेल, तर मोजणी नव्याने सुरू कर. पुरेसा पाऊस झाला असेल, तर मोजणी शून्यावर आण. या स्तंभातील प्रत्येक मंडळाची सर्वात मोठी संख्या म्हणजे त्या मंडळातील सर्वात मोठा खंड. ती काढण्यासाठी `MAXIFS` हे सूत्र आहे, पण आमच्या कार्यालयातील जुन्या एक्सेलमध्ये ते नव्हते, म्हणून पिव्होटमध्येच बेरजेऐवजी ‘मॅक्स’ निवडून काम भागवले.

यादी तयार झाली आणि त्यात एक मंडळ १२ दिवसांवर दिसले. त्या मंडळातील गावांत मी दोनच दिवसांपूर्वी फिरून आले होते. भेगाळलेली जमीन आणि दुपारी माना टाकलेले सोयाबीन स्वतः पाहिले होते, त्यामुळे बारा दिवस हे मला पटेना. त्या मंडळाच्या ओळी एकेक करून वाचल्या. २८ जुलैला ११ मिलिमीटर पावसाची नोंद होती. त्यानंतर २९ जुलैपासून २२ ऑगस्टपर्यंत एकाही दिवशी २.५ मिलिमीटरपर्यंत पाऊस पोहोचला नव्हता आणि २३ ऑगस्टला ४ मिलिमीटर पडला होता. बोटांवर मोजले तर जुलैचे तीन आणि ऑगस्टचे बावीस असे पंचवीस दिवस भरत होते. मग सूत्र बारावर का थांबले? उत्तर १० ऑगस्टच्या ओळीत होते. तिथे पावसाच्या चौकटीत आडवी रेघ होती.

एक्सेलमध्ये मजकूर आणि आकडा यांची तुलना केली, तर मजकूर नेहमी मोठा ठरतो. त्यामुळे ‘रेघ २.५ हून लहान आहे का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले आणि सूत्राने त्या दिवशी पाऊस झाला असे गृहीत धरून मोजणी शून्यावर आणली. पंचवीस दिवसांच्या खंडाचे बारा आणि बारा असे दोन तुकडे झाले. याच्या अगदी उलट प्रकार रिकाम्या चौकटींचा होता. रिकामी चौकट तुलनेत शून्य धरली जाते, म्हणून जिथे नोंदच नाही तिथे सूत्र कोरडा दिवस मोजत होते. नोंद नसणे या एकाच गोष्टीने एका मंडळाचा खंड तुटत होता आणि दुसऱ्याचा वाढत होता, आणि कुठेही चूक झाल्याची लाल खूण उमटत नव्हती. दिसणारा दोष माणूस दुरुस्त करतो, पण व्यवस्थित दिसणारे चुकीचे उत्तर सरळ छापले जाते. मला तरी एक्सेलमधील सर्वात धोक्याची जागा हीच वाटते.

काकांच्या मदतीने सूत्र बदलले. आता चौकटीत खरोखर आकडा आहे का, हे ते आधी विचारते.

```
=IF(ISNUMBER(C2),IF(C2<$G$1,IF(B2=B1,N(D1),0)+1,0),"नोंद नाही")
```

यामुळे नोंद नसलेला दिवस पाऊस किंवा कोरड यांपैकी कशातही जमा न होता स्वतःच्या नावाने दिसू लागला. त्याच्या पुढे मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणजे खंड इथेही तुटतो, पण तो का तुटला हे डोळ्यांसमोर राहते. अशा ओळी गाळणी लावून बाजूला काढल्या आणि प्रत्येकीचा हाताने विचार केला. वर सांगितलेल्या मंडळाच्या बाबतीत मी तेथील कृषी सहायकांना फोन केला. त्या दिवशी स्वयंचलित केंद्राकडून आकडा आलाच नव्हता, असे त्यांनी सांगितले. आजूबाजूच्या सर्व मंडळांत त्या दिवशी शून्य पाऊस होता. तरीही मी त्या चौकटीत शून्य लिहिले नाही, कारण न मोजलेल्या पावसाला शून्य म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. छापलेल्या यादीत त्या मंडळासमोर ‘२५ दिवस (पैकी एका दिवसाची नोंद उपलब्ध नाही)’ असे लिहिले आणि शेजारील मंडळांची स्थिती बातमीत दिली.

उंबरठा वेगळ्या चौकटीत ठेवल्याचा फायदा यानंतर कळला. दुसऱ्या एका मंडळात सतरा दिवसांच्या कोरडीनंतर एके दिवशी २.६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता आणि त्यापुढे पुन्हा नऊ दिवस कोरडे होते. नियमाप्रमाणे तिथला सर्वात मोठा खंड सतरा दिवसांचा. G1 मधील २.५ च्या जागी ३ लिहिले, की तोच खंड सत्तावीस दिवसांचा होतो. पिकाच्या दृष्टीने २.६ मिलिमीटरला काहीच अर्थ नाही, तापलेल्या जमिनीवर ते पाणी मुळांपर्यंत जातही नाही. नियम मात्र कुठेतरी रेष ओढतो आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना माणसे असतात. नियम बदलणे माझ्या हातात नव्हते, पण रेषेपासून एखाद्या मिलिमीटरच्या दशांशाने बाहेर राहिलेली मंडळे कोणती, हे मी नावानिशी सांगू शकत होते. ती यादी मी मुख्य यादीखाली स्वतंत्र दिली आणि सर्वाधिक वाचकांनी त्याच यादीबद्दल विचारणा केली.

या कामाची मर्यादाही बातमीत स्पष्ट लिहिली होती. मंडळात पर्जन्यमापक एका जागी असतो आणि मंडळाचा विस्तार अनेक गावांचा असतो, त्यामुळे केंद्राजवळ पडलेली एक सर मंडळाच्या दुसऱ्या टोकाच्या कोरड्या शिवारालाही लागू होते. शिवाय खंडाचे दिवस भरले म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. उत्पादनात किती घट येणार हे पाहणी करून ठरवावे लागते, मग जिल्हा पातळीवर अधिसूचना निघते आणि त्यापुढे विमा कंपनीची प्रक्रिया असते. माझी यादी कोणत्या मंडळांकडे आधी पाहावे एवढेच सांगत होती.

यादी प्रसिद्ध झाल्यावर कार्यालयातील माझे स्थान हळूहळू बदलत गेले. पूर्वी पर्जन्यमानाची बातमी ज्याच्या हाताला वेळ असेल तो करायचा, ती आता माझ्याकडे आली. पुढे पीककर्जाचे वाटप, बाजार समितीतील आवक आणि टँकरचे तक्ते हेही माझ्याकडे येऊ लागले. संपादक बातमीच्या मथळ्यातील आकडा छापण्यापूर्वी मला विचारू लागले. एकदा एका सहकाऱ्याने पीककर्ज वाटपाच्या तालुकानिहाय टक्केवारींची सरासरी काढून जिल्ह्याची टक्केवारी दिली होती. ज्या तालुक्यात कर्जदार थोडे आणि ज्यात अनेक, त्या दोघांना यात सारखेच वजन मिळते. एकूण वाटप भागिले एकूण उद्दिष्ट असे करून पाहिले, तेव्हा मथळा बदलावा लागला.

पुढे पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका संस्थेत मी अर्ज केला. छत्रपती संभाजीनगरला मुलाखत झाली. उमेदवारांत संगणक शास्त्राचे पदवीधरही होते. सर्वांना टँकरच्या खेपांची एक फाइल दिली आणि तासाभरात निष्कर्ष सांगा असे म्हटले. मी आधी `COUNT` आणि `COUNTA` चालवले, मग गावागणिक दिवस मोजले. काही गावांसमोर आठवड्यातून एक दिवस रिकामा दिसला आणि तो दिवस गावागणिक वेगळा होता. गावाकडे राहिलेल्या माणसाला यात आठवडी बाजाराचा दिवस ओळखू येतो. त्या दिवशी टँकर आला नाही, की आला पण नोंदवहीवर सही करायला कोणी नव्हते, हे फाइलवरून कळणार नाही आणि ते विचारल्याशिवाय मंजूर खेपा व प्रत्यक्ष खेपा यांतील फरक काढू नये, असे मी लिहून दिले. इतर काही उमेदवारांनी सुबक आलेख काढले होते आणि रिकाम्या दिवशी शून्य खेपा धरल्या होत्या. सूत्रांचे त्यांचे ज्ञान माझ्याहून नक्कीच अधिक होते. आजही मला मॅक्रो लिहिता येत नाही आणि गुंतागुंतीच्या फाइलसाठी मी दुसऱ्याची मदत घेते.

निवड झाल्यानंतर पहिले काम त्याच फाइलचे मिळाले. गावांत जाऊन विचारले तेव्हा बहुतेक ठिकाणी टँकर आला होता, सही राहिली होती, तर मोजक्या ठिकाणी तो खरोखरच आला नव्हता. आता आमच्या नोंदवहीच्या नमुन्यात ‘खेप झाली’, ‘खेप झाली नाही’ आणि ‘माहिती नाही’ असे तीन पर्याय असतात आणि चौकट रिकामी ठेवता येत नाही.